लवादाची अट आजारी पडते तेव्हा

छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. 2014 साली तिथल्या एका जमीनमालकाने आपल्या जागेवर इमारत उभी करण्यासाठी एका बिल्डरशी विकसन करारनामा केला. पुढे काम रखडले, दोघांचे फाटले, मालकाने करार रद्द केला. करारात अट क्रमांक 18 होती. काही वाद झाला तर तो दोघांच्या संमतीने नेमलेल्या एका लवादाकडे सोपवला जाईल. एका नावावर एकमत झाले नाही तर प्रत्येकाने एकेक लवाद नेमावा आणि त्या दोघांनी तिसरा निवडावा. या सगळ्याला 1996 चा लवाद व समेट कायदा लागू राहील, असे तीत म्हटले होते. करार संपुष्टात आल्यानंतरच्या वादांनाही ही अट लागू राहील, इतकी तरतूद लिहिणाऱ्याने करून ठेवली होती. बिल्डर लवाद नेमायला तयार होईना, म्हणून मालक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेला. तिथे त्याचा अर्ज फेटाळला गेला. कारण असे की, लवादाचा निर्णय ‘अंतिम आणि दोन्ही पक्षांवर बंधनकारक’ राहील, हे शब्द अटीत कुठेच नव्हते.

एवढी तपशीलवार अट, आणि तीन-चार शब्द नाहीत म्हणून ती लवादाची अटच नव्हे? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाकडून 2022 च्या सप्टेंबरात मिळाले. ते उत्तर काय होते याकडे येऊच. आधी अशा अटी मुळात का बिघडतात, ते पाहू.

लवाद म्हणजे दोन पक्षांनी आपल्या मर्जीने निवडलेला खासगी न्यायाधीश. कोर्टाची पायरी चढण्याचा हक्क प्रत्येकाला कायद्यानेच असतो. तो हक्क बाजूला ठेवून लवादाकडे जायचे, तर दोघांनी तसे लेखी कबूल केलेले असावे लागते. ते कबूल केलेले वाक्य बहुधा मूळ कराराच्या अगदी शेवटी बसते. किंमत, मुदत, हप्ते, दंड यांवर दिवसचे दिवस घासाघीस होते आणि वादाच्या अटीपर्यंत येईतो सगळे थकलेले असतात. पुढे भांडण होईल हा विचारही त्या घटकेला कुणाला नको असतो. मग कुठल्या तरी जुन्या करारातून परिच्छेद उचलला जातो, त्यात दुसऱ्या करारातली दोन वाक्ये जोडली जातात, आणि सह्या होतात. अशा अटींना वकिलांच्या जगात ‘मध्यरात्रीची कलमे’ म्हणतात.

पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या, म्हणजे आयसीसीच्या, लवाद न्यायालयाचे महासचिव राहिलेल्या फ्रेडरिक आइझमन यांनी अशा असंख्य अटी जवळून पाहिल्या होत्या. 1974 साली त्यांनी त्यांना ‘रोगट’ हे विशेषण लावले आणि ते जगभर रूढ झाले. निरोगी अटीने काय साधायला हवे, हेही त्यांनी सांगितले: पक्षांवर बंधन घालावे, निवाडा होईपर्यंत कोर्टांना दूर ठेवावे, लवादांना निर्णयाचा अधिकार द्यावा, आणि अंमलात आणता येईल असा निवाडा लवकरात लवकर हाती पडेल अशी कार्यपद्धती आखून द्यावी. यांपैकी एखाद्या कामात अट कमी पडली की ती रोगट. मात्र प्रत्येक आजार जीवघेणा नसतो, आणि या लेखात सांगायचे आहे ते नेमके हेच, की कोणता आजार बरा होतो आणि कोणता होत नाही.

भारतातले आणि बाहेरचे निकाल शेजारी ठेवून वाचले, तर त्यांच्यामागे एक सरळ विभागणी दिसते. प्रत्येक लवादाच्या अटीत दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे संमती: वाद लवादाकडेच न्यायचा आणि त्याचा निर्णय मानायचा, हे आज ठरले आहे का? दुसरी म्हणजे यंत्रणा: लवाद किती, कोण नेमणार, बैठक कुठे, नियम कोणते. यंत्रणेत कितीही गोंधळ असला तरी न्यायालये आणि लवाद मंडळे तो निस्तरायला तयार असतात. संमतीच अर्धवट असेल, तर ती कुणी बाहेरून पुरवू शकत नाही, कारण मग ती संमती राहतच नाही.

औरंगाबादच्या अटीला हीच कसोटी लावून पाहा. वाद लवादाकडे ‘सोपवला जाईल’ असे तिथे होते. सोपवायचा की नाही हे पुढे ठरवू, असे नव्हते. नेमणूक कशी करायची ते होते, कायदा कोणता तेही होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, लवादाकडे जाण्याचा इरादा इतक्या स्पष्टपणे दिसत असताना एखाद-दोन शब्दांच्या उणिवेपायी अट रद्दबातल ठरवता येणार नाही. कायद्याच्या कलम 7 ने लवादाच्या करारासाठी कुठला साचा सांगितलेला नाही; तो लेखी हवा, आणि ठरावीक नात्यातून उद्भवलेले वाद लवादाकडे देण्याचे त्यातून कबूल झालेले हवे. शिवाय लवादाचा निवाडा अंतिम व बंधनकारक असतो हे त्याच कायद्याचे कलम 35 सांगते. पक्षांनी तो कायदा लागू केला, तेव्हा त्यांनी त्याचा तो परिणामही पत्करलाच. निकाल मालकाच्या बाजूने लागला. पण 2014 च्या करारातल्या वादाला लवादापर्यंत पोचायलाच 2022 उजाडले. जमिनीचे, पैशाचे, कोण चूक कोण बरोबर याचे भांडण त्यानंतर सुरू व्हायचे होते. अट वाचली म्हणून नुकसान टळले, असे समजू नये.

यंत्रणेतला बिघाड न्यायालय प्रत्यक्षात कसा दुरुस्त करते, हे पाहायचे तर एनर्कॉनचा खटला पाहावा. अशा अटींचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही तो टाळून पुढे जाता येत नाही, आणि त्याचा बराचसा प्रवास मुंबई उच्च न्यायालयातून झाला आहे.

एनर्कॉन ही पवनचक्क्या बनवणारी जर्मन कंपनी. 1990 च्या दशकात तिने एका भारतीय उद्योजक कुटुंबाबरोबर एनर्कॉन इंडिया ही भागीदारीतली कंपनी काढली. तिचा कारखाना दमणला होता. तंत्रज्ञान जर्मनांचे, बाजारपेठ इथली. पुढे तंत्रज्ञानाच्या जुन्या कराराची मुदत संपली आणि 2006 च्या सप्टेंबरात बौद्धिक संपदेच्या परवान्याचा एक नवा मसुदा तयार झाला. त्यावर सह्याही झाल्या. मग संबंध बिघडले. जर्मन कंपनीने मार्च 2008 मध्ये लवादाची नोटीस पाठवली. भारतीय बाजूचे म्हणणे असे की हा करार पक्का झालेलाच नाही, पुढे वाटाघाटी व्हायच्या होत्या. आणि समजा झाला असला, तरी त्यातली लवादाची अट चालवण्याजोगीच नाही.

अट चालवण्याजोगी का नव्हती, ते तिच्या शब्दांत पाहू. लवाद तीन असतील. त्यांपैकी एक परवाना देणारा नेमेल, एक परवाना घेणारा नेमेल. आणि परवाना देणाऱ्याने नेमलेला लवादच अध्यक्षस्थानी बसेल. आता मोजणी करा. एक जर्मन कंपनीचा, एक भारतीय कंपनीचा, झाले दोन. तिसरा कोण नेमणार? अट त्यावर काहीच बोलत नाही. तीन म्हणून सांगितलेल्या मंडळात दोघांच्याच नेमणुकीची सोय आहे, आणि सम संख्येचे मंडळ भारतीय कायद्याच्या कलम 10 ला मान्य नाही.

दुसरा आजार त्याच अटीत थोडा खाली होता. लवादाची ‘व्हेन्यू’ लंडन असेल, असे तिथे म्हटले होते. आणि लागू होईल तो 1996 चा भारतीय लवाद कायदा. लवादाच्या व्यवहारात बैठक कुठे भरते हे तितके महत्त्वाचे नसते. लवादाचे कायदेशीर घर कुठे आहे, ज्याला वकील ‘सीट’ म्हणतात, ते महत्त्वाचे असते. लवाद नेमण्यात अडचण आली तर कोणत्या देशाचे न्यायालय मदतीला येणार, निवाडा रद्द करून मागायचा तर कुठे मागायचा, हे सगळे या घरावरून ठरते. लंडनला घर मानले तर इंग्लंडची न्यायालये, भारताला मानले तर इथली. अटीतल्या एका शब्दाने लंडन पुढे केले होते आणि दुसऱ्या वाक्याने भारत.

परिणाम व्हायचा तोच झाला. भारतीय कंपनीने दमणच्या न्यायालयात दावा लावला. जर्मन कंपनी लंडनच्या न्यायालयात गेली. एका देशाच्या न्यायालयाला दुसऱ्या देशातले कामकाज थांबवायला सांगणारे अर्ज दोन्हीकडून झाले. दमणहून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. तिथे न्यायालयाने वाद लवादाकडे जायला हवा हे मान्य केले, पण लंडन ही बैठकीची जागा असल्यामुळे इंग्लंडच्या न्यायालयांनाही सोबतीने अधिकार राहील, असे मानले. म्हणजे दोन देशांची न्यायालये एकाच लवादावर नजर ठेवणार! अखेर 14 फेब्रुवारी 2014 रोजी न्या. सुरिंदर सिंग निज्जर आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने निकाल दिला.

आधी करार पक्का झाला की नाही, हा प्रश्न. न्यायालयाने तो स्वतः सोडवायचे नाकारले. लवादाची अट मूळ कराराच्या पोटात असली तरी कायद्याच्या नजरेत तो एक वेगळा करार असतो. मूळ करार रद्द ठरला, संपला किंवा मुळात झालाच नव्हता असा वाद निघाला, तरी लवादाची अट त्याबरोबर आपोआप बुडत नाही. नाही तर ‘करारच खोटा’ एवढे म्हणून कुणीही लवादातून सुटका करून घेऊ शकला असता. करार पक्का झाला होता का, हे लवाद मंडळाने ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले.

मग हरवलेला तिसरा लवाद. न्यायालयाने अट उलगडून स्वतःला एक प्रश्न विचारला. सह्या होताना शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या आगाऊ माणसाने दोन्ही पक्षांना विचारले असते की ‘तिसरा कोण नेमणार हो?’, तर दोघांनी काय उत्तर दिले असते? ‘अर्थात हे दोघे मिळून नेमतील, त्यात काय विचारायचे!’ असेच दिले असते. तीन लवादांच्या मंडळाची जगभरची रीत तीच, आणि भारतीय कायद्याचे कलम 11 देखील नेमकी तीच पद्धत सांगते. म्हणजे अटीतून एक ओळ गळली होती: पक्षांनी नेमलेले दोन लवाद तिसरा नेमतील. गळती इतकी उघड होती की ती ओळ न्यायालयाने अटीत भरून वाचली. लिहिणाऱ्याच्या हातून काय सुटले हे मजकुरावरूनच दिसत असेल, तर ते भरल्याने नवा करार तयार होत नाही. जुना नीट वाचला जातो. दुरुस्तीची सीमा इथेच आहे. जे भरायचे त्याचे उत्तर एकच असायला हवे. तिसऱ्याच्या नेमणुकीच्या दोन-तीन सारख्याच संभाव्य पद्धती असत्या आणि कायदाही गप्प असता, तर न्यायालयाला त्यांतली एक स्वतःच्या मनाने निवडावी लागली असती, आणि ते काम न्यायालयाचे नाही.

राहिले लंडन. न्यायालयाने अट तुकड्यांत न वाचता कराराच्या सगळ्या धाग्यांबरोबर वाचली. मूळ कराराला भारतीय कायदा लागू, लवादाला भारतीय लवाद कायदा लागू, हक्क भारतातले, आणि निवाडा अंमलात आणायचा तोही बहुधा भारतातच. लंडनकडे बोट दाखवणारा फक्त तो ‘व्हेन्यू’ शब्द. तेव्हा लवादाचे घर भारतात. लंडनला केवळ बैठका. इंग्लंडच्या न्यायालयांचा सोबतीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. एका लवादावर दोन देशांची देखरेख म्हणजे परस्परविरोधी आदेशांना आमंत्रण, ही त्यामागची चिंता होती आणि ती रास्त होती.

मार्च 2008 ची नोटीस, फेब्रुवारी 2014 चा निकाल. गळलेली एक ओळ आणि चुकलेला एक शब्द यांची किंमत सहा वर्षे, चार न्यायालये आणि दोन देश.

यंत्रणेतल्या आणखी एका बिघाडात न्यायालयांआधी लवाद मंडळानेच वाट काढल्याचे उदाहरण सिंगापूरचे आहे. अल्स्टॉम या कंपनीने इनसिग्मा या चिनी कंपनीला धुरातले गंधक काढण्याचे तंत्रज्ञान परवान्याने दिले होते. करारात लिहिले होते की वाद सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय लवाद केंद्रासमोर चालेल, पण नियम मात्र पॅरिसच्या आयसीसीचे. ही विचित्र जोडणी होती, कारण आयसीसीचे नियम त्या संस्थेच्या स्वतःच्या यंत्रणेला धरून लिहिलेले आहेत. निवाड्याचा मसुदा आधी तपासण्याचे कामही तिचेच लवाद न्यायालय करते. अल्स्टॉमने आधी आयसीसीकडे अर्ज केला. इनसिग्माने हरकत घेतली की हे प्रकरण सिंगापूर केंद्राचे आहे. अल्स्टॉमने तिथला अर्ज मागे घेऊन सिंगापूर गाठले. तिथल्या केंद्राने आयसीसीची कामे आपल्या समकक्ष अधिकाऱ्यांकडून करवून घेण्याची तयारी दाखवली. मग इनसिग्माची दुसरी हरकत आली: नियम एकाचे आणि संस्था दुसरी, ही अट चालूच शकत नाही.

लवाद मंडळाने स्वतःला अधिकार असल्याचे ठरवले, आणि 2009 मध्ये सिंगापूरच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ते उचलून धरले. पक्षांना लवादच हवा होता, हे निर्विवाद होते. त्यांनी सांगितलेली जोडणी अवघड असली तरी अशक्य नव्हती. आणि सिंगापूर केंद्र ती पार पाडायला तयार होते. आधी एका दारातून हाकलून दुसऱ्या दाराकडे पाठवायचे आणि तिथे पोचल्यावर तेही दार बंद असल्याचे सांगायचे, या वागण्याकडेही न्यायालयाने दुर्लक्ष केले नाही. निकाल न्याय्य होता, असे माझे मत आहे. पण त्याचा पुढचा परिणाम जाणून घ्यायला हवा. आयसीसीने 2012 च्या नियमांत स्पष्ट लिहून टाकले की आमचे नियम चालवण्याचा अधिकार आमच्याच लवाद न्यायालयाला आहे. आज कुणी तशी मिसळलेली अट लिहिली, तर तिच्या बचावाची वाट पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहे.

संस्थेचे नाव चुकण्याचा प्रकार याहून साधा. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रिकॉल आणि जॉन्सन कंट्रोल्स यांचा वाद आला तेव्हा अटीत ‘सिंगापूर चेंबर ऑफ कॉमर्स’चे नाव होते. ही काही लवाद चालवणारी, त्यासाठी स्वतःचे नियम असलेली संस्था नव्हे. पक्षांच्या मनात सिंगापूरचे लवाद केंद्रच असणार, असा न्यायालयाने अर्थ लावला. हाँगकाँगला तर 1993 मध्ये अस्तित्वातच नसलेल्या एका संघटनेच्या नियमांचा उल्लेख असलेली अट न्यायालयाने टिकवली होती. ते नाव बाजूला ठेवले तरी लवादाचा इरादा शिल्लक राहत होता, म्हणून.

आता ज्या अटी वाचत नाहीत, त्यांच्याकडे वळू. इथे मुंबईचेच उदाहरण बोलके आहे. 1995 च्या एका करारात दोन अटी लागोपाठ होत्या. चौथी अट म्हणत होती की वाद झाला तर फक्त मुंबईच्या न्यायालयांना तो चालवण्याचा अधिकार राहील. पाचवी म्हणत होती की वाद 1940 च्या लवाद कायद्याखाली लवादाकडे सोपवता येईल, प्रत्येकाने एकेक लवाद नेमावा, त्या दोघांनी सरपंच निवडावा, बैठक मुंबईत. वेलिंग्टन असोसिएट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सन 2000 मध्ये न्या. एम. जगन्नाथ राव यांच्यापुढे युक्तिवाद झाला की ‘सोपवता येईल’ याचा अर्थ ‘सोपवावाच’ असा घ्यावा.

पाचव्या अटीतली यंत्रणा जवळजवळ पूर्ण होती. लवाद किती, कोण नेमणार, कुठे बसणार, सगळे होते. एनर्कॉनच्या अटीपेक्षा ती कितीतरी सुडौल. तरी ती फेटाळली गेली. आधीची अट ‘फक्त न्यायालय’ म्हणते. त्यामागून येणारी ‘येईल’वाली अट एवढेच सांगते की पुढे दोघांना वाटलेच तर लवादाचाही रस्ता आहे. त्या वेळी दोघांची नवी संमती लागेल, आणि ती एकाने दुसऱ्यावर लादता येणार नाही. 2007 मध्ये एका भागीदारीपत्रातल्या वादात अटीत ‘पक्षांनी तसे ठरवल्यास’ लवादाकडे सोपवावे, असे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिलाही लवादाचा करार मानले नाही, कारण ठरवायचे अजून बाकी होते. 2025 मध्ये ईस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या ठेक्यातल्या अशाच अटीवर न्यायालय पुन्हा त्याच निष्कर्षाला आले. पाव शतक उलटून गेले तरी तोच शब्द तेच करतो आहे, आणि तरी तो करारांमध्ये लिहिला जातोच.

मराठीत करार लिहिणाऱ्यांना हे विशेष जपावे लागते. ‘वाद लवादाकडे सोपवता येईल’, ‘सोपवू शकतात’, ‘आवश्यक वाटल्यास सोपवावा’ या रचना आपल्याला सभ्य, सौम्य वाटतात. समोरच्याला दटावल्यासारखे होऊ नये म्हणून त्या वापरल्या जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांनी मुभा तेवढी दिलेली असते. ‘सोपवण्यात येईल’ किंवा ‘सोपवला जाईल’ म्हटले की बंधन आले. दस्त मराठीत नोंदवणाऱ्या शेतकऱ्याच्या किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत हा फरक काही वर्षांचा आणि काही लाखांचा ठरू शकतो.

दुसरा न वाचणारा प्रकार सरकारी ठेक्यांतला. कामाची मोजमापे, साहित्याचा दर्जा, जादा कामाचे दर याबाबत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील, अशी अट जुन्या ठेक्यांत सर्रास दिसते. ‘अंतिम’ आणि ‘बंधनकारक’ हे दोन्ही शब्द आहेत, म्हणून ठेकेदार ती लवादाची अट समजून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या आणि 1996 मध्ये ओडिशा सरकारच्या प्रकरणात ती तशी नाही, असे सांगितले. अभियंता तिथे कामावर देखरेख ठेवणारा अधिकारी आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आणि पुरावा ऐकून वादाचा न्यायनिवाडा करण्याचे काम त्याला कुणी दिलेले नाही. 2022 मध्ये महानदी कोलफील्ड्सच्या ठेक्यातल्या एका अटीच्या मथळ्यातच ‘लवाद’ शब्द होता, पण मजकुरात कंपनीच्याच अधिकाऱ्यांकडे तक्रार नेण्याची पायरी-पायरीची पद्धत तेवढी सांगितली होती. तीही टिकली नाही. औरंगाबादच्या अटीत ‘अंतिम’ शब्द नव्हता आणि ती जगली. या अटींमध्ये योग्य वाटणारे शब्द होते आणि त्या जगल्या नाहीत. न्यायालय शब्दांमागे काय ठरले होते ते शोधते, आणि इथे वादाचा निवाडा तिऱ्हाइताकडे देण्याचे कधी ठरलेच नव्हते.

अशी अट हाती असेल आणि वाद उभा राहिला असेल, तर तिची परीक्षा कोण घेणार? लवाद नेमून मागणारा अर्ज कलम 11 खाली उच्च न्यायालयात जातो. आंतरराष्ट्रीय व्यापारी वाद असेल तर सर्वोच्च न्यायालयात. 2015 च्या दुरुस्तीपासून तिथे एवढेच पाहिले जाते की लवादाचा करार वरकरणी अस्तित्वात आहे का. खोल चिरफाड लवाद मंडळावर सोडली जाते, कारण कलम 16 नुसार स्वतःच्या अधिकाराबद्दलचा वाद मंडळ स्वतःच ठरवू शकते. त्यामुळे यंत्रणेचे बहुतेक आजार मंडळासमोर पोचतात आणि तिथेच बरे होतात. ‘सोपवता येईल’सारखी अट मात्र दारातच अडते, कारण तिथे वरकरणीही करार दिसत नाही.

हरकत घेण्यालाही वेळ असते, आणि ती अनेकांच्या हातून निसटते. मंडळाला अधिकार नाही असे म्हणायचे असेल, तर ते आपली कैफियत दाखल करण्याच्या आत म्हणावे लागते. स्वतः लवाद नेमला म्हणून तो हक्क जात नाही, पण कैफियत देऊन मोकळे झाल्यावर सहसा जातो. उलट बाजूने, कलम 7 मध्ये एक सोय आहे: एका पक्षाने आपल्या दाव्यात लवादाचा करार असल्याचे लिहिले आणि दुसऱ्याने उत्तर देताना ते नाकारले नाही, तर तेवढ्यावरही लेखी करार सिद्ध होऊ शकतो. अर्धवट अट पुढच्या वागण्यातून पूर्ण होऊ शकते, आपल्या फायद्याची असो वा तोट्याची. म्हणून पहिले उत्तर पाठवण्याआधीच ती वकिलाला दाखवायला हवी.

आणि वाद अजून उभा राहिला नसेल, तर दुरुस्ती एका पानाची आहे. मूळ कराराला जोडून एक पुरवणी करारनामा करायचा. या करारातून किंवा त्यासंबंधी उद्भवणारा प्रत्येक वाद 1996 च्या कायद्यानुसार लवादाकडे सोपवून अंतिम निकाली काढला जाईल. लवाद एक असेल, तो दोघांच्या संमतीने नेमला जाईल, तीस दिवसांत एकमत झाले नाही तर कायद्यानुसार न्यायालयाकडून नेमला जाईल. लवादाचे कायदेशीर ठिकाण, म्हणजे सीट, पुणे राहील. कामकाज मराठीत चालेल. जुन्या करारात ‘फक्त अमुक न्यायालय’ अशी अट असेल तर ती लवादाला मदत करण्यापुरती आणि निवाड्याला आव्हान देण्यापुरती आहे, हे एका वाक्यात जोडायचे. दोघांनी सह्या करायच्या. त्या सह्या संबंध चांगले असतानाच होतात. पहिली नोटीस गेली की ज्याला उशीर हवा असतो तो त्या कागदाला हात लावत नाही.